एका कुकरचा राजमा, पाच डबे : ॲप म्हणतं ३० ग्रॅम प्रोटीन, मी म्हणतो १३

विजयनगर_ते_रामबाग | रविवार, रात्री ९.४०

मंडळी, डोकं फिरलंय. दर रविवारी पाच लिटरच्या कुकरमध्ये आठवड्याचा राजमा करतो आणि पाच डब्यांत भरतो. तीन माझे ऑफिसला, दोन धाकट्या बहिणीचे कॉलेजला. जिमला लागल्यापासून प्रत्येक डब्यात प्रोटीन-कार्ब-फॅट किती जातं ते वहीत लिहायला लागलोय.

आजचं सामान : कोरडा राजमा ३०० ग्रॅम, कांदा २००, टोमॅटो २५०, तेल ३० (अंदाजे), आलं-लसूण आणि मसाले. शिजल्यावर कुकरसकट वजन केलं, रिकाम्या कुकरचं वजा केलं, तर १,७२० ग्रॅम आलं. भागिले पाच, म्हणजे डब्याला ३४४ ग्रॅम. इथपर्यंत ठीक.

आता ॲपमध्ये ‘शिजवलेला राजमा’ शोधला. १०० ग्रॅमला ८.७ ग्रॅम प्रोटीन. ३४४ ग्रॅमला ३०! मी खूश. मग सहज कच्च्या सामानावरून बेरीज केली, तर अख्ख्या कुकरचं प्रोटीन ६६ आलं, म्हणजे डब्याला १३. तीस आणि तेरा यांत काही मेळ आहे का? कुकरमध्ये शिजवून प्रोटीन वाढतं की काय?

वर आत्ताच बहीण ओरडतेय की तिच्या डब्यांत नुसतं पाणी आहे. काट्यावर तर पाचही सारखे आहेत.

---

आत्याबाई_सुदामानगर | रविवार, रात्री १०.०५

अरे बाळा, पाच लिटरच्या कुकरमध्ये पाच डबे बसायचेच नाहीत. माझ्याकडे तीन बसतात, तेही वरचं झाकण जेमतेम लागतं. खाली वरण, मधे भात, वर बटाटे. पाच हवे असतील तर साडेसात लिटरचा घे. आणि राजमा डब्यात लावणार असशील तर डब्यातसुद्धा पाणी दाण्यांच्या वर चांगलं दोन बोटं ठेव, नाहीतर कितीही शिट्ट्या घे, मधले दाणे कच्चे राहतात.

---

विजयनगर_ते_रामबाग | रविवार, रात्री १०.११

आत्या, ते कुकरचे डबे नाहीत, जेवणाचे डबे. टिफिन. 😅

---

आत्याबाई_सुदामानगर | रविवार, रात्री १०.१३

मग तसं लिहायचं ना. मला वाटलं, एवढं भांडण कसलं चाललंय.

---

मुरलेलं_लोणचं | रविवार, रात्री १०.३०

भिया, सोपं आहे. तुझा रस्सा पातळ झालाय. मोठ्या गॅसवर वीस मिनिटं आटव, प्रोटीन आपोआप वर जाईल. मी मुगाचं वरण घट्ट करतो तेव्हा माझ्या वाटीत जास्त प्रोटीन येतं, हे मी स्वतः हिशोब करून पाहिलंय.

---

गृहविज्ञानवाल्या_काकू | सोमवार, सकाळी ६.२०

सकाळी चहाबरोबर वाचतेय. बरीच वर्षं इथेच इंदुरात गृहविज्ञान शिकवलं, आता निवृत्त. तुझा धागा दिसला आणि हात शिवशिवले.

मुरलेलं लोणचं यांचं अर्धं बरोबर आहे. रस्सा आटवला की *एका वाटीतलं* प्रोटीन वाढतं, कारण त्याच वाटीत पाणी कमी आणि डाळ जास्त बसते. पण *अख्ख्या कुकरातलं* तेवढंच राहतं. शिट्टीतून वाफ जाते ती पाण्याची. त्यामुळे आटवून १,७२० चे १,५०० ग्रॅम केलेस तरी पाचवा हिस्सा तोच, १३ ग्रॅम. डबा फक्त हलका होईल.

आता तुझे तीस आणि तेरा. आधी एक खडबडीत तपासणी कर. ॲपच्या म्हणण्याप्रमाणे पाच डब्यांत १५० ग्रॅम प्रोटीन. तू राजमा घातलास ३०० ग्रॅम. म्हणजे राजम्याचं अर्धं वजन निव्वळ प्रोटीन! कुठल्याही पाकिटावर वाच, शंभराला वीस-बावीसच्या आसपास लिहिलेलं असतं. म्हणजे चूक तीसमध्ये आहे.

पण ॲपचा ८.७ हा आकडाही खोटा नाही बरं का. तो पाण्यात उकडून *निथळलेल्या दाण्यांचा* आहे. तू तो दाणे, रस्सा, कांदा, टोमॅटो सगळ्याच्या वजनाला लावलास. तुझ्या ३४४ ग्रॅममध्ये दाणे किती? कोरडा राजमा भिजून शिजला की साधारण अडीचपट होतो, थोडा कमीच. ३०० चे ७२० धर. पाचात वाटले तर डब्याला १४४. आता १४४ ला ८.७ लाव : साडेबारा. कांदा-टोमॅटो-मसाल्याचं एक ग्रॅम घाल. आले ना तुझे तेरा? दोन्ही वाटा एकाच घरी पोचल्या.

---

विजयनगर_ते_रामबाग | सोमवार, सकाळी ८.५०

काकू 🙏 बसमध्ये वाचून खरंच हसू आलं. तीस ग्रॅमच्या आनंदात काल रात्रीचं दूध सोडलं होतं.

म्हणजे नियम असा का, की कच्च्या वजनाला कच्च्याचेच आकडे लावायचे, आणि शिजल्यावरचं वजन फक्त वाटणीपुरतं?

---

गृहविज्ञानवाल्या_काकू | सोमवार, सकाळी ९.१५

अगदी तसंच. पण बहिणीची तक्रार विसरू नकोस. ती बरोबर असणार. तिचे डबे आधी भरलेस का?

---

विजयनगर_ते_रामबाग | सोमवार, रात्री ८.३०

हो, तिचे पहिले दोन. तिला आज टोमॅटो-शेव करून दिली, म्हणून तिचा पहिला डबा फ्रिजमध्येच होता. आता तो आणि सगळ्यात शेवटी भरलेला माझा डबा चाळणीत ओतून दाणे तोलले.

तिच्या डब्यात दाणे ९८ ग्रॅम. माझ्या डब्यात २०१.

दोन्हींचं एकूण वजन ३४४! आई शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही, फक्त बघितलं माझ्याकडे.

---

शिट्टी_तीन | सोमवार, रात्री ८.४४

बहिणीचं प्रोटीन खाणारा भाऊ 😂 राखीला मोठं पाकीट लागणार.

---

गृहविज्ञानवाल्या_काकू | सोमवार, रात्री ९.०५

दाण्यांच्या वजनावरून अंदाज केला तर तिच्या डब्यात नऊएक ग्रॅम प्रोटीन गेलं आणि तुझ्या डब्यात सतराच्या पुढे. आणि वहीत दोघांचे तेरा.

कारण साधं आहे. दाणे तळाशी बसतात, रस्सा मधे, तेलाची तर्री वर. तू डाव वरून बुडवलास. पहिल्या डब्यांना तर्री आणि पाणी, शेवटच्यांना गाळ. म्हणजे तिला प्रोटीन कमी आणि वर तेल जास्त, असा दुहेरी तोटा.

पाचही डबे तूच खात असतास तर मी म्हटलं असतं की सोड, शुक्रवारपर्यंत बेरीज तीच होते. पण दोन माणसं खाणार असतील तर सरासरी कुणाच्याच उपयोगाची नाही.

पुढच्या रविवारी असं कर. शिजल्यावर झाऱ्याने सगळे दाणे परातीत काढ, निथळू दे, तोल. पाच सारखे हिस्से कर आणि आधी ते डब्यांत घाल. मग उरलेला रस्सा तोल, पाचाने भाग, आणि *दर डावाला तळापासून ढवळून* वरून घाल. दाणे फार मऊ असतील तर झाऱ्यात फुटतात, म्हणून दहा मिनिटं निवू दे. खिचडी किंवा घोटलेलं वरण असेल तर हे काही करू नकोस, तिथे ढवळून तोललं की पुरे.

---

आत्याबाई_सुदामानगर | सोमवार, रात्री ९.२०

हे झाऱ्याचं खटलं कशाला? मी सांगितलं तेच कर. राजमा कुकरच्या डब्यात वेगळा शिजव आणि मसाला कढईत वेगळा कर. दाणे आधीच वेगळे, वाटून घे. वर कढईतला मसाला घाल.

---

गृहविज्ञानवाल्या_काकू | सोमवार, रात्री ९.२६

आत्याबाई, तुम्ही प्रश्न चुकीचा वाचलात आणि उत्तर बरोबर दिलंत. 🙂 फक्त डब्यातलं शिजवलेलं पाणी टाकू नका, कढईत घाला. त्यात थोडं उतरलेलं असतं आणि चवही असते.

---

मुरलेलं_लोणचं | सोमवार, रात्री ९.४०

वेगळं शिजवलेल्या राजम्यात मसाला मुरत नाही. हे मी मान्य करणार नाही, प्रोटीन गेलं खड्ड्यात.

---

पोहेवाला_पत्रकार | मंगळवार, दुपारी १.१०

मूळ आकडे कुठून घेतलेस, ते कुणी विचारलंच नाही. माझ्याकडे राष्ट्रीय पोषण संस्थेचं जुनं पुस्तक आहे, आईचं कॉलेजचं. त्यात राजमा ३४६ कॅलरी आणि २२.९ प्रोटीन. तुझ्या वहीत प्रोटीन शंभराला वीस धरलेलं दिसतंय. मग अख्ख्या कुकरमागे नऊ ग्रॅम कमी मोजलेस की!

---

विजयनगर_ते_रामबाग | मंगळवार, दुपारी २.००

मी त्याच हैदराबादच्या संस्थेचे २०१७ चे तक्ते वापरले. त्यात प्रोटीन १९.९ आहे. आधी तर घाबरलोच होतो, ऊर्जेच्या रकान्यात १२५२ लिहिलेलं! मग कळलं की तो किलोज्यूलचा आकडा आहे. ४.१८४ ने भागल्यावर २९९ कॅलरी आल्या.

पण मग ३४६ की २९९?

---

गृहविज्ञानवाल्या_काकू | मंगळवार, दुपारी ४.४५

दोन्ही पुस्तकं मी वापरली आहेत. कॅलरीतला मोठा फरक कार्बच्या रकान्यात आहे. जुन्यात कार्ब ६० च्या वर, नव्यात ४९ च्या आत. नव्या तक्त्यात तंतू पूर्णपणे मोजून कार्बमधून वेगळे काढलेत, राजम्यात ते शंभराला साडेसोळा ग्रॅम आहेत. जुन्यात त्यांतले बरेचसे कार्बमध्येच मिसळलेले. बाहेरच्या ॲपांतही बहुधा तंतू कार्बच्या आतच धरलेले असतात. म्हणून राजम्याची ओळ एका तक्त्यातली आणि कांद्याची दुसऱ्यातली, असं करू नका.

प्रोटीनचा फरक मात्र खरा आहे, जातीनुसार आणि नमुन्यानुसार होतो. तुमच्या दुकानातला राजमा वीसचा की तेवीसचा, ते काट्यावर कळत नाही. डब्यामागे दोन ग्रॅमसुद्धा होत नाहीत.

---

पोहेवाला_पत्रकार | मंगळवार, सायंकाळी ६.३०

पटलं नाही पूर्ण. पाकिटावर छापलंय ते तरी त्याच मालाचं आहे ना? मी पाकीटच धरणार.

---

गृहविज्ञानवाल्या_काकू | मंगळवार, सायंकाळी ७.००

सुटा घेणाऱ्यांनी काय करायचं मग? पण धरा, हरकत नाही.

मला खरी काळजी वेगळी आहे. ‘तेल ३० (अंदाजे)’. बाळा, हे अंदाजे कसं ठरवलंस?

---

विजयनगर_ते_रामबाग | मंगळवार, सायंकाळी ७.२०

दोन पळ्या. आईच्या फोडणीच्या पळीने. पळी म्हणजे एक मोठा चमचा धरला, १५ ग्रॅम.

---

गृहविज्ञानवाल्या_काकू | मंगळवार, सायंकाळी ७.२५

त्या पळीत किती मावतं ते एकदा बघ. त्यापेक्षा सोपं म्हणजे तेलाची बाटली काट्यावर ठेव, काटा शून्य कर, बाटली उचलून फोडणीत तेल घाल, परत ठेव. काटा उणे दाखवेल. उण्याचा जो आकडा, तेवढं तेल गेलं.

---

विजयनगर_ते_रामबाग | पुढचा रविवार, रात्री ८.१५

अहवाल सादर करतो.

तेल : काट्यावर उणे ५२! नेहमीच्याच दोन पळ्या. म्हणजे इतके आठवडे २२ ग्रॅम तेल वहीतून गायब होतं. राजमा, कांदा, टोमॅटो मुद्दाम तेवढेच घेतले होते, तरी डबा २६९ वरून ३०८ कॅलरीवर गेला आणि फॅट सातवरून बारावर. प्रोटीन १३, कार्ब ३६, ते आहे तिथेच. एवढं झाऱ्याचं रामायण केलं आणि कॅलरीची सगळ्यात मोठी चूक निघाली पळीत.

वजन : भरलेला कुकर ३,०६५, रिकामा (झाकण आणि शिट्टीशिवाय) १,३८०. आत १,६८५. गेल्या वेळेपेक्षा ३५ ग्रॅम कमी, एक शिट्टी जास्त झाली होती.

झाऱ्याने दाणे ७३५ निघाले. म्हणजे काकूंचे ७२० जवळपास अचूक. डब्याला १४७. रस्सा ९५०, डब्याला १९०. शेवटच्या डब्यात मात्र १७६ च भरला, १४ ग्रॅम कुठे गेले कळेना. आणि काट्याने दोनदा छळलं. कुकरचं बूड इतकं मोठं की आकडेच झाकले गेले. शिवाय झाऱ्याने काढत बसलो तेवढ्यात काटा आपोआप बंद पडला आणि केलेलं शून्य गेलं.

---

शिट्टी_तीन | रविवार, रात्री ८.४०

काट्यावर आधी वाटी उपडी ठेव, तिच्यावर छोटं ताट, मग शून्य, मग कुकर. आकडे दिसतात. कुकर गरमागरम ठेवू नकोस, माझ्या काट्याचं प्लॅस्टिक वाकलं आणि तेव्हापासून रिकामा असतानाही चार ग्रॅम दाखवतो. आणि रिकाम्या कुकरचं वजन मसाल्याच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेव कायमचं. कुकर बदलत नाही, शून्य पुसलं गेलं तरी वजाबाकी करता येते.

---

गृहविज्ञानवाल्या_काकू | रविवार, रात्री ९.००

१४ ग्रॅम कुकरला आणि झाऱ्याला चिकटले, थोडे वाफेत गेले. तो रस्सा आहे, दाणे नव्हेत, वहीत खाडाखोड करू नकोस. दाणे सारखे वाटले गेले ना, मग झालं. डब्यांचं रिकामं वजन मात्र प्रत्येकाचं वेगळं शून्य कर, स्टीलचा आणि प्लॅस्टिकचा एक समजू नकोस.

आणि गुरुवार-शुक्रवारचे दोन डबे आजच फ्रीजरमध्ये टाक. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पाच दिवस नको.

---

मुरलेलं_लोणचं | रविवार, रात्री ९.२०

एक विचारू? डब्यावर शेव घालतोस की नाही?

---

विजयनगर_ते_रामबाग | रविवार, रात्री ९.२२

घालतो. का?

---

मुरलेलं_लोणचं | रविवार, रात्री ९.२५

वहीत लिहितोस?

---

विजयनगर_ते_रामबाग | रविवार, रात्री ९.३१

…ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पाकीट आहे. मूठभर घालतो.

---

शिट्टी_तीन | रविवार, रात्री ९.३३

मूठ म्हणजे सहज २५ ग्रॅम, म्हणजे १४० च्या आसपास कॅलरी. तेलाच्या पळीचा बाप.

---

विजयनगर_ते_रामबाग | रविवार, रात्री ९.५०

उद्या काटा ऑफिसला नेऊ का? लोक काय म्हणतील?

बहीण विचारतेय, आता तिच्या डब्यात दाणे वाढले तर तिला दोन पोळ्या पुरतील की अजून तीनच न्यायच्या. आणि पुढच्या आठवड्याला छोले करायचेत, बटाटा घालून. बटाट्याच्या फोडी काही शिजून विरघळतात, काही अख्ख्या राहतात. त्या झाऱ्याने दाण्यांबरोबर काढायच्या की रस्स्यात सोडायच्या?

---

आत्याबाई_सुदामानगर | रविवार, रात्री १०.०२

बटाटा वरच्या डब्यात अख्खा उकड, सोल, मग फोडी कर आणि डब्यात मोजून घाल. पाच लिटरमध्ये खाली छोले, वर बटाटा, दोन डबे आरामात बसतात. मी पहिल्याच दिवशी सांगत होते.